दोन किटल्या पाणी

चौदा मार्च, शुक्रवार. कँटीनच्या धुण्याच्या खोलीतून पाणी खालच्या मजल्यावरच्या भांडारात उतरले, आणि भिजलेल्या कागदाच्या खोक्यांसकट नुकसानीचा आकडा निघाला सदतीस हजार चारशे वीस.

आकडा भांडारप्रमुखाने काढला, सही कँटीन मॅनेजरने केली आणि बोट दाखवले गेले मावशींकडे. बोट दाखवायला त्या खोलीत दुसरे होतेच कोण? एक भांडी धुण्याचे मशीन आणि एक मावशी. मशीनला नोटीस देता येत नाही.

त्या कार्यालयात मावशींना नावाने कोणी ओळखत नव्हते. ‘खिडकीवाल्या मावशी’ एवढीच त्यांची ओळख. जेवणाचा हॉल आणि धुण्याची खोली यांच्यामध्ये भिंतीत एक खिडकी होती, दीड हात रुंद आणि जेमतेम एक हात उंच. लोक जेवून उठले की उष्टी ताटे त्या खिडकीतून आत सरकवत. मावशींना ताट दिसे आणि ताट सरकवणारा हात दिसे, कोपरापर्यंत. चेहरा कधी नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी हजारभर माणसांचे हात पाहिले असतील. कोणाच्या बोटात नवी अंगठी आली, कोणाच्या हातावरचे प्लॅस्टर निघाले, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळत असे. पण जिन्यात तीच माणसे समोरून आली तर मावशींना ती परकी, आणि मावशी त्यांना परक्या.

पूर्वी असे नव्हते. पहिली आठ वर्षे त्या खोलीत चौघीजणी हाताने भांडी घासत. एक घासणारी, दोन विसळणाऱ्या, एक पुसणारी. चौघींच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे. सासू, दीर, पोरांची आजारपणे, घरमालक, सगळे त्या मोरीत रोज धुऊन निघे. मग मशीन आले. टेबलाखाली बसेल एवढे, पुढून दार असलेले. एका वेळी अठरा ताटे, तीन मिनिटांत. मॅनेजरने चौघींना रांगेत उभे करून विचारले, की हे दिवे आणि त्यावरची अक्षरे कोणाला वाचता येतील? मावशी सातवी शिकलेल्या होत्या. त्यांनी हात वर केला. बाकीच्या तिघी महिनाअखेरीला गेल्या. जाताना एकीने मावशींना म्हटले होते, “बरं झालं बाई, तू तरी राहिलीस.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. मावशींना मात्र ते वाक्य अकरा वर्षे पचले नाही.

घरीही बोलायला कोणी नव्हते. नवरा जाऊन बारा वर्षे झालेली. लेक लांबच्या गावी दिलेली. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई आणि पाचव्या मिनिटाला तिच्या धाकट्याला भूक लागे. एक खोली, एक पलंग, एक खुर्ची. मावशी स्वतःचे एक ताट, एक वाटी रात्री नळाखाली धरत, तेव्हा त्यांना हसू येई. दिवसाला सहाशे ताटे आणि घरी हे एक.

तर असे अकरा वर्षे चालले. गेल्या पावसाळ्यानंतर मशीन कुरकुर करू लागले.

या जातीच्या मशीनची रीत अशी, की सकाळी त्याच्या पोटातली टाकी एकदा पाण्याने भरून घ्यायची. वीस लिटर. टाकी भरली की ते आपोआप पाणी थांबवते, गरम करते आणि मग तेच पाणी भांड्यांवर पुनःपुन्हा उडवते. दुपारची जेवणे उरकली की ते घाण पाणी सोडून द्यायचे आणि संध्याकाळच्या कपबश्यांसाठी टाकी पुन्हा भरायची. भरायला पूर्वी सात-आठ मिनिटे लागत. आता पंधरा लागू लागली, मग पंचवीस. थंडी पडता पडता पाऊण तासावर गाडी आली. आत कान लावला तर धार नाही, नुसता सुतासारखा आवाज. टाकी भरेपर्यंत मशीन धुवायला घेत नाही. लाल दिवा लावून बसून राहते, रुसलेल्या जावयासारखे.

मावशींनी मॅनेजरला दोनदा सांगितले. मॅनेजर कागदातून मान वर न काढता म्हणाला, की धुतंय ना? मग चालू द्या. मशीनचे देखभालीचे कंत्राट दोन वर्षांपूर्वीच संपले होते आणि ते नव्याने करायचे तर फाइल वर पाठवावी लागली असती.

मार्ग चहावाल्याने काढला.

चहावाल्याचे टपरीएवढे काउंटर त्याच इमारतीत, तळमजल्यावर लिफ्टसमोर होते. साठीला आलेला माणूस, बायको नाही, मूल नाही, तोंड मात्र अखंड चालू. कपबश्या न्यायला तो रोज दुपारी वर येई. एकदा मावशींना लाल दिव्यासमोर गालावर हात ठेवून बसलेले पाहून म्हणाला, “अहो बाई, ते काय अंडं घालणार आहे का, असं बघत बसलाय?”

मावशींनी अडचण सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोन्ही हातांत दोन मोठ्या किटल्या घेऊन हजर. त्यात कढत पाणी. दार उघडून दोन्ही किटल्या टाकीत रिकाम्या केल्या. बारा लिटर पाणी एका दमात आत गेले आणि उरलेले आठ लिटर मशीनने वीस मिनिटांत स्वतःचे स्वतः भरले. हिरवा दिवा लागला. चहावाला कंबरेवर हात ठेवून म्हणाला, “बघा. जावयाला मानपान लागतो.”

त्या दिवसापासून तो नेमच झाला. सव्वातीनला किटल्या येत. पाणी ओतायला लागे एक मिनिट. पण चहावाला थांबे वीस मिनिटे, हिरवा दिवा लागेपर्यंत. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून तो लिफ्टमधल्या लोकांच्या नकला करी. कोण साहेब उधारीत चहा पितो आणि बायकोला साखर बंद केल्याचे सांगतो, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे. मावशी ऐकत आणि मध्येच विचारत, “त्याच्या उजव्या हातावर भाजल्याचा डाग आहे का हो? मग तो मला माहीत आहे.” अशी दोघांची मिळून एकेक माणसे पुरी होत. हात मावशींकडचा, तोंड चहावाल्याकडचे.

मावशींनी मशीनची तक्रार तिसऱ्यांदा केली नाही. विसरल्या असेही नाही.

चौदा तारखेचा शुक्रवार आला. लांब सुटीच्या आधीचा दिवस म्हणून अर्धे कार्यालय दुपारीच रिकामे झाले होते. चहावाल्याने किटल्या ओतल्या आणि म्हणाला, “आज खाली चिटपाखरू नाही. रोज मी तुमच्याकडे येतो, आज तुम्ही या माझ्याकडे. मशीनला काय पाळण्यात झोपवायचंय?”

मावशींनी दार लावले, कळ दाबली, हात पुसले आणि गेल्या. एकोणीस वर्षांत कामाच्या वेळात त्या प्रथमच खाली जाऊन बसल्या. स्टूल उंच होते, पाय जमिनीला टेकत नव्हते. समोरून माणसे जात-येत होती, डोक्यापासून पायापर्यंत अख्खी माणसे. दोन चहा झाले. घड्याळाकडे पाहिले तेव्हा पावणेपाच वाजले होते.

त्या वर आल्या तेव्हा मशीनच्या दाराच्या खालच्या कडेने पाणी बाहेर येत होते. धो धो नव्हे, शांतपणे, तासभर चालले असावे असे. जमिनीचा उतार मागच्या भिंतीकडे होता आणि भिंतीशी पाइप खाली जायला पाडलेले भोक होते. जेमतेम दोन-तीन बादल्या पाणी, पण गेले ते थेट भांडारातल्या कागदाच्या खोक्यांवर आणि एका नव्या छपाईयंत्रावर.

मंगळवारी कार्यालय उघडले आणि मॅनेजरने मावशींना समोर उभे केले. कोणीतरी खिडकीतून मशीनमध्ये किटलीने पाणी पडताना पाहिले होते, ओतणारा मात्र दिसला नव्हता. मॅनेजरचा हिशेब सरळ होता. मशीन आपले पाणी घेते, वर तुम्ही बाहेरून ओतता, मग ते उतू जाणार नाही तर काय? तुम्ही होता कुठे त्या वेळी? मावशी म्हणाल्या की भांडी पुसत होते, कळले नाही. मग मॅनेजरने निकाल ऐकवला. बाहेरचा मिस्त्री बोलावला आहे. दोष मशीनचा निघाला तर ठीक. दोष वापरणाऱ्याचा निघाला तर पगारातून वसुली करता येण्याइतका हा पगार मोठा नाही, तेव्हा उद्यापासून येऊ नका. आणि किटल्या कोणाच्या, तेही मला कळायला हवे.

मावशी म्हणाल्या, “माझ्याच. म्हणजे मीच भरून आणत होते.”

चहावाल्याच्या काउंटरची परवानगी दर महिन्याला हाच मॅनेजर वाढवून देत असे. चहावाल्याला या चौकशीची नुसती कुणकुण लागली असती, तरी तो भोळा माणूस तडक वर येऊन छाती पुढे काढून म्हणाला असता, किटल्या माझ्या, आणि बाईंना खालीही मीच नेले. मग एकाच्या जागी दोघे रस्त्यावर. मावशींनी त्याला एवढेच सांगून ठेवले, की दोन दिवस वर येऊ नका, मशीन उघडणार आहेत.

मिस्त्री बुधवारी सकाळी आला. चाळिशीचा, कमी बोलणारा. मॅनेजरने त्याला दारातच सांगून टाकले, की बाई बाहेरून पाणी ओततात, तेवढे लिहून द्या म्हणजे झाले. मिस्त्री म्हणाला, “आधी बघतो, मग लिहितो. आधी लिहायचं असतं तर घरूनच आणलं असतं.” मॅनेजर फोन आल्याचे निमित्त करून गेला.

मिस्त्रीने मशीन रिकामे करून भरायला लावले आणि कान दिला. मग भिंतीवरचा नळ बंद केला, मशीनच्या मागची नळी सोडवून बादलीत धरली आणि नळ उघडला. जोरकस धार आली. म्हणजे नळात पाणी होते, अडत होते ते मशीनच्या तोंडाशी. तिथे पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह असतो. विजेने उघडतो, वीज गेली की मिटतो. त्याच्या तोंडात अंगठ्याच्या पेराएवढी बारीक जाळी बसवलेली असते. मिस्त्रीने पकडीने जाळी बाहेर ओढली आणि मावशींच्या तळहातावर ठेवली. जाळी कसली, पांढरा खडाच. पाण्यातला क्षार आणि वाळूचे कण बसून भोके बुजलेली.

“एवढ्याशासाठी?” मावशी म्हणाल्या.

“एवढ्याशासाठीच असतं सगळं.”

जाळी साफ करून बसवली तसे पाणी जुन्या दिवसांसारखे आवाज करत आत येऊ लागले. मावशींची नजर उलट्या क्रेटकडे गेली. अर्ध्यावर मिस्त्रीने भिंतीवरचे बटण बंद केले. पाणी जागच्या जागी थांबले. तो म्हणाला की व्हॉल्व्ह नीट मिटतोय. वीज नसतानाही पाणी येत राहिले असते तर व्हॉल्व्ह खराब म्हणायचा. पुन्हा वीज दिली. पाणी चढले, खुणेच्या रेषेला टेकले, रेषेच्या वर गेले, आणि थांबेना. मिस्त्रीने बाही सारून हात आत घातला आणि टाकीच्या कोपऱ्यातली एक टोपी बोटाने वर उचलली. कट्ट असा आवाज झाला आणि पाणी बंद.

“हा फ्लोट,” तो म्हणाला. “पाणी चढलं की यानं तरंगत वर यायचं आणि खालचं बटण सोडायचं, म्हणजे पाणी बंद. बटण चांगलं आहे. हा पठ्ठ्याच जागचा हलत नाही. तुम्ही किती का ओतेना, हा मोकळा असता तर यानं नळाचं पाणी लवकर बंद केलं असतं, एवढंच. बाहेरच्या पाण्यानं मशीन उतू जात नाही.”

मग मिस्त्रीने जादा पाणी वाहून नेणारी उभी नळी तपासली. मागच्या बाजूला, जिथे मावशींचा हात पोहोचणे शक्यच नव्हते, ती चिकट गाळाने गच्च झाली होती. दोन वर्षांत कोणी उघडली नव्हती. तिथून वाट मिळाली असती तर थेंब सांडला नसता, तो म्हणाला.

शेवटी त्याने फ्लोटची टोपी काढली आणि मावशींपुढे धरली. आत, दांड्याभोवती, काळपट तपकिरी थर बसला होता. ओला, घट्ट. त्याने नखाने थोडा उकरून बोटांत चोळला.

“चहाची पूड.”

“कप धुतो ना इथं,” मावशी म्हणाल्या.

“कपातला गाळ वरच्या गाळणीत अडकतो. हा गाळणीच्या खालचा आहे. गाळणी काढून ओतत होता ना?”

गाळणी काढूनच ओतत होते. नाहीतर किटलीचे पाणी बाहेर उडे. आणि किटल्या चहाच्याच. चहावाला त्या नुसत्या खळबळून पाणी भरत असे. तळाशी, चोचीत, कडेला जे राही ते रोज थोडे थोडे इथे येऊन बसत होते. चार महिने.

मिस्त्रीने विचारले, “दोन किटल्या तुम्ही एकट्या आणत होता?” मावशींच्या मनगटाला गेल्या वर्षापासून पट्टा होता, तो त्याच्या नजरेसमोरच होता. त्यांनी मनगट पदराखाली घेतले. मिस्त्रीने नळाखाली टोपी धुतली, दांडा ब्रशने घासला, सगळे जागेवर बसवले आणि तीनदा टाकी भरून पाहिली. तिन्ही वेळा पाणी रेषेवर येऊन थांबले.

“मी लिहितो ते खरंच लिहितो,” तो कागद काढत म्हणाला. “जाळी चोंदली होती, जादा पाण्याची नळी बंद होती, फ्लोट गाळानं अडकला होता, दोन वर्षं देखभाल नाही. गाळ कशाचा ते विचारलं तर सांगेन. कोणी विचारणार नाही.” मग सामान आवरताना, मशीनकडेच बघत, “पण मावशी, किटली बंद करा. परत ओतलंत तर सहा महिन्यांत मला इथंच उभं राहावं लागेल, आणि तेव्हा विचारतील.”

कोणी विचारले नाही. ‘दोन वर्षे देखभाल नाही’ या ओळीवर मॅनेजरचा चेहरा असा झाला, की चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. वर पाठवायची फाइल त्याच दिवशी वर गेली. मावशींना कोणी परत बोलावले नाही, माफीही कोणी मागितली नाही. त्यांची नोकरी राहिली एवढे त्यांना गुरुवारी सकाळी खिडकीतून पहिले ताट आले तेव्हा कळले.

शुक्रवारी सव्वातीनला चहावाला आला. दोन्ही हातांत किटल्या, तोंडावर हसू. “काय म्हणतात जावईबापू? उघडा दार.”

“आता नको,” मावशी म्हणाल्या. “दुरुस्त झालंय. आठ मिनिटांत भरतं.”

“अरे वा. मग आजच्यापुरतं ओततो, आणलंय तर.”

“नको म्हटलं ना.”

आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा कडक निघाला. चहावाला किटल्या तशाच धरून उभा राहिला. त्याला वाटले असावे, आपल्यामुळे बाईंना बोलणी बसली. ते खरे होते. पण त्याहून खरे जे होते ते सांगितले असते, तर तो आयुष्यभर स्वतःच्या किटल्यांकडे बघत बसला असता. नाहीतर सरळ मॅनेजरकडे गेला असता. मावशींनी सांगितले नाही. किटल्या राहू देत, तुम्ही बसा, हे तरी म्हणता आले असते. तेही ओठावर येऊन राहिले. काही काम नसताना माणसाला बस कसे म्हणायचे, याची सवय त्यांना उरली नव्हती.

तो म्हणाला, “बरं. मशीन शहाणं झालं म्हणायचं,” आणि गेला. जिन्यात किटलीचे झाकण वाजत गेले.

पुढच्या सोमवारी तो एकदा येऊन गेला. बाजारातून रबरी हातमोजे आणले होते, मावशींच्या मापाचे. मनगटाला पाणी लागू नये म्हणून, म्हणाला. पैसे नंतर द्या. तो दारातच उभा राहिला, क्रेटवर बसला नाही. हिरवा दिवा आधीच लागला होता. त्यानंतर कपबश्या न्यायला लिफ्टवाला येऊ लागला. दुपारी काउंटरला गर्दी असते, असा निरोप होता. असेलही.

मावशी आता तीन वाजता कळ दाबतात. पाणी जोरात येते, रेषेवर थांबते, हिरवा दिवा लागतो. त्या क्रेट उचलून भिंतीशी ठेवतात आणि कपबश्या लावायला घेतात. मशीन एकदाही चुकलेले नाही. खाली काउंटरपर्यंत जायचे तर जिन्याच्या बावीस पायऱ्या आहेत. दोन वेळा त्या चौदाव्या पायरीपर्यंत जाऊन आल्या.

हातमोज्यांचे पंच्याऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.